शब्दचर्चा: 'विश्वास अंतराल' यातला विश्वास नेमका कशावर?

पेवकरी (सांगली): मंडळी, शब्द अडलाय. आमच्याकडं हळद पावडरीची २०० ग्रॅमची पाकिटं भरायचं मशीन आहे, वजन कमीजास्त येतंय अशी दुकानदारांची ओरड, आणि मशीन बसवणारा म्हणतो प्रमाण विचलन २ ग्रॅमच्या वर जातच नाही. म्हणून पाकिटं पडतील तशी ओळीनं १० मोजली: २०१, १९८, २०३, १९९, २०२, १९७, २०४, २००, १९८, १९८. सरासरी बरोबर २०० आली, विचलन २.४०. भाचा कॉलेजात स्टॅट शिकतोय, त्यानं कागदावर लिहून दिलं 'प्रचरणाचा ९५ टक्के विश्वास अंतराल २.७३ ते १९.२६' आणि गेला निघून. प्रचरण हा शब्द खरंच आहे का, आणि विश्वास कुणाचा कुणावर ओ?

लक्ष्य_राजपत्रित: प्रचरण नाही, प्रसरण. माझ्या नोट्समध्ये सगळीकडं प्रसरणच आहे.

सुताई (कराड): नोट्स हिंदी पुस्तकावरनं काढलेल्या दिसतायत. हिंदीत प्रसरण म्हणतात, मराठीत प्रसरण म्हटलं की उन्हात रूळ लांबतो ते. आपल्याकडं प्रचरणच, मी पोरांना तेच शिकवलं, अर्थात वर्गात निम्मे जण व्हेरियन्सच म्हणायचे आणि मी पण कधी अडवलं नाही. पेवकरी, प्रचरण म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, भाच्याचे आकडे वर्ग-ग्रॅममध्ये आहेत म्हणून विचित्र वाटतात. दोन्हीचं वर्गमूळ घ्या, १.६५ ते ४.३९ ग्रॅम, हा तुमच्या विचलनाचा अंतराल.

मिरजवाला: कागद चुकलाय असं माझं मत. अंतराल म्हणजे मधोमध अंदाज आणि दोन्हीकडं सारखं अधिक-उणे. प्रचरण आलं ५.७८, तिथनं २.७३ फक्त ३ लांब आणि १९.२६ साडेतेरा लांब, असं कसं? बाकी अर्थ सोपा आहे, खरं प्रचरण त्या दोन आकड्यांत असण्याची शक्यता ९५ टक्के.

सुताई: मिरजवाले, सरासरीच्या अंतरालाला तुमचं अधिक-उणे चालतं, इथं नाही. प्रचरण शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, वर मात्र कितीही जाऊ शकतं, म्हणून अंतराल वरच्या बाजूला ताणलेला. सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करा: १, ४, ९, १, ४, ९, १६, ०, ४, ४, बेरीज ५२. वजनं प्रसामान्य असतील, म्हणजे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेली, तर ही बेरीज भागिले खरं प्रचरण हा आकडा ९ स्वातंत्र्य मात्रांच्या काय-वर्ग नावाच्या वितरणासारखा वागतो, म्हणजे त्याच्या तक्त्यानुसार १०० पैकी ९५ वेळा २.७०० आणि १९.०२३ यांच्यामध्ये पडतो. आता उलटं फिरवा. ५२ ला १९.०२३ नं भागलं की २.७३, खालची हद्द, आणि २.७०० नं भागलं की १९.२६, वरची. तक्त्यातला मोठा आकडा छोटी हद्द देतो, पोरं इथं हमखास उलटंपालटं करतात.

आणि ती शक्यता पद्धतीची आहे हो. तुमचं खरं प्रचरण एकच आहे, ते २.७३ ते १९.२६ मध्ये असेल तर आहे, नसेल तर नाही. रोज नवी १० पाकिटं घेऊन नवा अंतराल काढत बसलात तर लांबच्या पल्ल्यात ९५ टक्के अंतराल खऱ्या आकड्याला पकडतील, विश्वास तेवढ्यावरच. नेमननं १९३० च्या दशकात हा शब्द आणला तो याच अर्थानं.

वाईकर: पण काय-वर्ग चाचणी म्हणजे तो तक्ता असतो ना, निरीक्षित वजा अपेक्षित? आम्ही स्ट्रॉबेरीचं केलेलं, दोन पद्धतीचं पॅकिंग आणि माल खराब की चांगला, चार खाने. त्यात वजन कुठंच नव्हतं. आणि उच्चार काय, ची, का चाय? आमचे सर ची म्हणायचे.

सुताई: तुमची चाचणी वेगळी, ती मोजदादीची, कार्ल पिअर्सननं १९०० साली दिलेली. पेवकरींची प्रचरणाची. मागचं वितरण तेच असल्यामुळं तक्ता एकच, पण त्यात काय घालायचं ते वेगळं. प्रसामान्य नमुन्यातल्या या वर्गांच्या बेरजेचं गणित तर हेल्मर्टनं १८७० च्या दशकातच मांडलं होतं. उच्चार मी 'काय' करते.

पेवकरी: बरं मग मशीनवाला खोटा की नाही? २.४० हे २ पेक्षा जास्तच आहे की.

सुताई: १० पाकिटांवर तेवढ्यानं खोटं ठरवता येत नाही. त्याचं २ ग्रॅम म्हणजे प्रचरण ४. ५२ भागिले ४, आले १३. 'जास्त आहे' एवढंच तपासायचं तर ५ टक्क्यांना ९ मात्रांवर तक्ता १६.९२ म्हणतो, १३ त्याच्या आत. म्हणजे दावा फेटाळता येत नाही. पण तो सिद्ध झाला असं कुणाला सांगू नका, तुमचा अंतराल ४.३९ पर्यंत जातोय, दुप्पट वाईट मशीन पण त्यात बसतं.

आता मला खटकतंय ते वेगळंच. तुमचे आकडे ओळीनं वाचा, एक जड एक हलकं, एक जड एक हलकं, जवळजवळ शेवटपर्यंत. मशीनला भरायची तोंडं दोन आहेत का?

पेवकरी: दोन आहेत! एकाआड एक पडतात.

सुताई: मग १, ३, ५, ७, ९ नंबरची सरासरी काढा, २०१.६ येते, आणि उरलेल्या पाचांची १९८.४. प्रत्येक तोंडाच्या स्वतःच्या सरासरीपासून फरक मोजले तर वर्गांची बेरीज ५२ वरनं २६.४ वर येते. सरासऱ्या दोन वापरल्या म्हणून मात्रा ९ नाही, ८. प्रचरण ३.३, विचलन १.८२. म्हणजे प्रत्येक तोंड बहुतेक बरं भरतंय, दोघांचं सेटिंग जुळत नाही. तो ५२ चा आकडा मुळात एका प्रसामान्य वितरणाचा नव्हताच, भाच्यानं गणित बरोबर केलं पण ते चुकीच्या ढिगावर.

मिरजवाला: ताई, हे तुम्ही आकडे बघून मग शोधलंत. १० आकड्यांत डोळ्याला काय वाटेल ते दिसतं. आणि शेवटची दोन्ही १९८ आहेत, तिथं कुठं गेला तुमचा एकाआड एक? माझ्या मते ३० पाकिटं घ्या, नमुना मोठा झाला की प्रसामान्य आहे का नाही याची काळजीच उरत नाही.

सुताई: पहिलं मान्य, पॅटर्न ज्या आकड्यांत दिसला त्यांच्यावरच तो सिद्ध करायचा नाही. दुसरं अजिबात मान्य नाही. ३० घेतले की सरासरीचं बऱ्यापैकी निभावतं, प्रचरणाचं नाही. शेपट्या जड असतील, म्हणजे अधूनमधून एखादं पाकीट फारच लांब पडत असेल, तर ९५ म्हणून काढलेला अंतराल पाकिटं कितीही वाढवली तरी ९५ ला पोचत नाही. लाप्लास वितरणाचं गणित केलं तर मोठ्या नमुन्यालासुद्धा तो ७८ टक्क्यांच्या आसपास राहतो. आणि दोन तोंडं मिसळली की उलटं होऊ शकतं, अंतराल उगाच लांबलचक.

लक्ष्य_राजपत्रित: म्हणजे परीक्षेत 'विश्वास अंतराल' लिहू का 'विश्वासांतर'? आणि स्वातंत्र्य मात्रा की स्वातंत्र्य कोटी?

सुताई: विश्वासांतर नको, वाचणाऱ्याला कुणीतरी विश्वास सोडलाय असं वाटेल. बाकी दोन्ही चालतात.

पेवकरी: उद्या डाव्या तोंडाच्या पाकिटांवर मार्करनं खूण करायला सांगतो, दोन्हीची १५-१५ घेतो. पण ताई, सेटिंग आधी जुळवू का आधी मोजू?

सुताई: आधी मोजा.

मिरजवाला: आधी जुळवा, दुकानदार थांबणारेत होय?