मदत हवी आहे: 10 टक्क्यांचा कॅप लावूनपण भाव पडायलाय

मंडळी, लातूरहून लिहायलोय. काकांचे एका छोट्या कंपनीचे 40,000 शेअर विकायचेत, पण त्याचा रोजचा व्हॉल्यूमच 60,000 च्या आसपास, म्हणून एकदम न विकता स्क्रिप्ट लावली, दर पाच मिनिटाला बघायचं बाजारात किती शेअरचे सौदे झाले अन् त्याच्या 10 टक्के विकायचे. रोज 6,000 च्या हिशोबानं सात दिवस लागतील, त्याला हरकत नाही.

एरवी पाच मिनिटात 800 च्या आसपास शेअरचे सौदे होतात, म्हणजे आपले 80 जातात, भावाला कळतपण नाही. पण काल कुणीतरी एका दमात 30,000 चा सौदा केला अन् स्क्रिप्टनं लगेच 3,000 मार्केट ऑर्डरनं टाकले. समोर 212 ला घेणारे फक्त 400 होते, बाकीचे खाली खाली जात शेवटचे 206 ला गेले. कॅप तर पाळला, पण तो व्हॉल्यूम होऊन गेलेला होता, घेणारा निघून गेला होता!

असा मोठा एकटा सौदा मोजणीतून काढून टाकायचा का उरलेला कोटा पुढच्या तासाभरात वाटायचा? का प्रत्येक ऑर्डर समोरच्या खरेदीच्या ठराविक हिश्श्यापुरती लिमिटनंच टाकायची? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, अजून 31,000 शिल्लक आहेत.