उष्माघात : आधी गारवा, मग रुग्णवाहिका

> ‘खेळाडूला घाम येत होता, म्हणून उष्माघात नसावा असे वाटले. लगेच रुग्णालयात न्यावे का?’

श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात घाम बहुधा चालूच असतो. खरी खूण वागण्यात दिसते. धावता धावता मुलगा अडखळू लागला, विनाकारण चिडला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर उष्माघातच समजावा. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नये, कारण आतले तापमान ४० अंशांपुढे असतानाही ते कमी दाखवते.

१०८ला फोन करायला एकाला सांगून, बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबात त्याला मानेपर्यंत बसवावे, काखेखालून धरून ठेवावे आणि पाणी सतत ढवळावे. टब नसल्यास बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल अंगभर टाकून ते दर दोन-तीन मिनिटांनी बदलावेत. शुद्ध हरपत असताना तोंडाने पाणी पाजू नये.