रोख पुस्तक आणि पासबुक यांची शिल्लक जुळत नाही, मदत हवी आहे

केतकी: महिनाअखेरीस रोख पुस्तकात बँकेची शिल्लक २४,६०० आहे आणि पासबुकात २०,८५०. जुळवणी पत्रक तीनदा नव्याने मांडले, तरी २,३०० चा फरक उरतोच. पत्रक उद्या द्यायचे असल्याने कृपया लवकर सांगावे.

खातेवही: एकूण फरक ३,७५० चा असताना आपण कोणकोणत्या रकमा धरल्या, हे लिहिल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. रोख पुस्तकातली शिल्लक डेबिट आहे ना?

अनंता: उरलेल्या फरकाला ९ ने भागून पाहा. ५४० ऐवजी ४५० लिहिले गेले असले, तर फरकाला हमखास ९ ने भाग जातो.

माधुरी: माझ्याकडे ओव्हरड्राफ्ट होता आणि मी मिळवायच्या रकमा वजा करत बसले होते. तुम्हीही चिन्हे उलटी करून पाहा.

केतकी: ओव्हरड्राफ्ट नाही, शिल्लक डेबिटच आहे. आम्ही दिलेले पण अजून न वटलेले धनादेश ३,२०० चे आहेत, ते मिळवले. बँकेत भरलेले पण जमा न झालेले ४,५०० आणि बँकेचे शुल्क १५० वजा केले. उत्तर २३,१५० येते.

खातेवही: म्हणजे चिन्हे बरोबर आहेत. २,३०० ला ९ ने भागही जात नाही, तेव्हा आकड्यांची अदलाबदल नसावी. त्याची निम्मी रक्कम, म्हणजे १,१५०, पासबुकात खर्ची पडलेली दिसते का, आणि तीच रोख पुस्तकात कोणत्या बाजूला लिहिली आहे, ते पाहा.

केतकी: सापडली! १७ तारखेला दिलेला १,१५० चा धनादेश मी डेबिट बाजूला, आलेल्या रकमांच्या ओळीत लिहिला आहे. तिन्ही वेळा मी फक्त आकड्यावर खूण केली, बाजू पाहिलीच नाही.

अनंता: मग पत्रकात १,१५० वजा करा.

खातेवही: तेवढ्याने भागणार नाही. जी रक्कम शिलकीतून जायला हवी होती ती शिलकीत मिळाली, म्हणून आधी ती काढण्यासाठी एकदा आणि मग खर्ची टाकण्यासाठी पुन्हा, असे २,३०० वजा होतील. शिवाय ही दुरुस्ती आणि १५० चे शुल्क आधी रोख पुस्तकातच नोंदवा, म्हणजे तिथली शिल्लक २२,१५० होईल. पत्रकात मग फक्त ३,२०० आणि ४,५०० राहतील आणि २०,८५० येतील.

केतकी: जुळले, मनापासून आभार. मात्र त्या ३,२०० मधला ८०० चा एक धनादेश बराच जुना असून त्याची मुदत संपली आहे. तो पत्रकात तसाच ठेवावा का?

अनंता: जुळले आहे ना, मग त्याला हात लावू नका.

खातेवही: तो रद्द करून रोख पुस्तकात परत घेतला, तर तिथे २२,९५० होतील आणि न वटलेले २,४०० उरतील, म्हणजे उत्तर पुन्हा २०,८५० च येईल. त्यामुळे पत्रक जुळले यावरून हा प्रश्न सुटत नाही. ज्यांना तो दिला, त्यांचे देणे अजून बाकी आहे की दुसऱ्या मार्गाने चुकते झाले, हे त्यांनाच विचारावे लागेल.

केतकी: त्यांना आजच पत्र लिहिते.