मदत हवी आहे: कॅफेच्या फुकट वायफायवर अपलोड दर वेळी ६० टक्क्यांवरच काऊन मरते?

फोल्डरवाली
नमस्कार मंडळी, मी लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करते, नागपुरातच, रूम बदलली आणि नवीन ठिकाणी अजून ब्रॉडबँड लागलं नाही, मोबाईलचा रोजचा दीड जीबी दुपारपर्यंत संपतो म्हणून सध्या धरमपेठेतल्या एका कॅफेत बसून काम करून राहिली. (नाव सांगत नाही, पोहे चांगले मिळतात तिथे आणि मला परत जायचंय.) अल्बमची पीडीएफ साधारण ७०० एमबीची असते, ती प्रिंटरवाल्याच्या साइटवर चढवायची. आता गंमत बघा, तीनदा केलं आणि तिन्ही वेळा ६० टक्क्यांच्या आसपास येऊन "network error", मग परत शून्यापासून. वायफायच्या दांड्या पूर्ण, निशाणी पण तशीच दिसते. स्पीड टेस्ट केली तर सकाळी १० ला कॅफे रिकामा असताना १.९, बुधवारी संध्याकाळी गर्दीत पण १.९, डाउनलोड अपलोड दोन्ही. फक्त रविवारी संध्याकाळी ०.४ आलं. लॅपटॉप खराब आहे का? का त्यांचं नेट?

बर्डीकर_बंटी
ताई सोपं आहे, राउटरजवळच्या टेबलावर बसा आणि नावापुढे 5G लिहिलेलं नेटवर्क असेल तर ते पकडा. 2.4 वर आजूबाजूच्या सगळ्या दुकानांचे राउटर एकमेकांवर चढून बसतात. माझ्या इथे असंच झालं होतं, खुर्ची बदलली अन् ८ चा ४० झाला.

केबलकाका
बंटी, तुझं रविवारपुरतं कदाचित बरोबर असेल, पण १.९ चं कारण ते नाही. हवेत अडचण असती तर आकडा वरखाली नाचला असता, सकाळी २५, संध्याकाळी ३ असा. रिकाम्या कॅफेत आणि भरलेल्या कॅफेत सारखाच १.९ येतोय म्हणजे कोणीतरी तो बांधून ठेवलाय. प्रत्येक डिव्हाइसला २ एमबीपीएस अशी मर्यादा लावलेली दिसते, थोडं वरखर्चात जातं म्हणून १.९. मालकाचं पण चूक नाही, समजा १०० ची लाइन आहे आणि ४० जण बसलेत, मर्यादा नसेल तर कोपऱ्यातलं एक पोरगं गेम डाउनलोडला लावते आणि बाकीच्यांचं व्हॉट्सॲप पण हलत नाही.

आता ६० टक्क्यांचं. हे मला जास्त आवडलं. ७०० चे ६० टक्के म्हणजे ४२० एमबी, त्याला ८ ने गुणलं की ३३६० मेगाबिट. १.९ च्या वेगाने भागा, १७६८ सेकंद येतात, म्हणजे साडेएकोणतीस मिनिटं. सुरुवातीला नंबर टाकून ओटीपी घेतला होता ना? त्या लॉगिनची मुदत ३० मिनिटांची असणार. तुमची पूर्ण फाइल जायला ४९ मिनिटं लागतात, म्हणून ती त्या कॅफेतून एका दमात जाणारच नाही, लॅपटॉप कितीही चांगला असला तरी. मुदत संपली की वायफाय तुटत नाही, दांड्या तशाच राहतात, कारण त्या फक्त राउटर ते लॅपटॉप एवढंच सांगतात. पलीकडचं दार बंद होते आणि परत लॉगिनचं पान समोर यायला पाहिजे, पण तुम्ही अपलोडच्या टॅबवर असता, तिथे नुसता एरर दिसतो.

खात्री करायची तर दोन गोष्टी करा. फोन आणि लॅपटॉप दोन्हीवर वेगवेगळं लॉगिन करून एकाच वेळी टेस्ट लावा, दोघांनाही १.९ आलं तर मर्यादा डिव्हाइसवर आहे. निम्मं निम्मं झालं तर मर्यादा तुमच्या नंबरवर आहे किंवा लाइनच तेवढी आहे. आणि अपलोड तुटलं की लगेच ब्राउझरमध्ये `http://neverssl.com` उघडा, त्याजागी कॅफेचं लॉगिनचं पान आलं तर समजा मुदत संपली. कुलूपवाली https साइट उघडू नका, तिच्याजागी दुसरं पान घुसवता येत नाही, म्हणून नुसती सर्टिफिकेटची बोंब येते.

प्रवासी_वर्धा
माझा पण हाच प्रॉब्लेम आहे, मी रोज अपडाऊन करतो, स्टेशनवर RailWire ला फोन जोडला जातो पण लॉगिनचं पान येतच नाही, पान नाही तर ओटीपी कुठून येणार. आणि गाडीत पण स्लो राहते.

केबलकाका
भाऊ तुमचा हाच प्रॉब्लेम नाही, त्यांचं पान येऊन नंतर संपतंय, तुमचं येतच नाही. फोनमध्ये जाहिराती अडवायला Private DNS मध्ये काही नाव टाकून ठेवलंय का?

प्रवासी_वर्धा
हो, मुलाने टाकून दिलं होतं. तुम्हाला कसं कळलं?

केबलकाका
कारण फोन प्रत्येक पत्ता त्याच सर्व्हरला विचारायचा हट्ट धरतो, आणि लॉगिन होईपर्यंत स्टेशनचं नेट त्याला तिथपर्यंत जाऊ देत नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. तेवढ्यापुरतं ते Off करा, लॉगिन करा, मग परत लावा. व्हीपीएन असेल तर तो पण आधी बंद. आणि स्टेशनवर पहिली ३० मिनिटं फुकट, ती पण १ एमबीपीएसने, असाच नियम जाहीर केलेला आहे, त्यात यूट्यूब एचडी नका मागू. गाडीतलं म्हणाल तर जिथे असतं तिथे बहुतेक डब्यातल्या राउटरमध्ये सिम असते, रुळाशेजारचा टॉवर सुटला की पूर्ण डब्याचं गेलं. सॅटेलाइटने पण करून पाहिलं होतं हावडा राजधानीत, परवडत नाही म्हणून २०२१ मध्ये रेल्वेने ते सोडलं.

मंजू_साईनगर
फोल्डरवाली, अल्बमची फाइल ७०० ची काऊन करता? फोटो ३०० डीपीआयला आणून एक्स्पोर्ट केली तर निम्मी होते. आमचा प्रिंटरवाला तर काही म्हणत नाही.

फोल्डरवाली
मंजूताई, माझा म्हणतो ना, एकदा कमी करून दिली तर नवरीच्या शालूची जर फुटली म्हणून परत पाठवली.

काका, सेम टू सेम! फोन १.९, लॅपटॉप १.९, एकाच वेळी. आणि घड्याळ लावून बसले तर १०:१२ ला लॉगिन, १०:४२ ला तुटलं, neverssl टाकलं तर कॅफेचं पान. मग काय करू, २५ व्या मिनिटाला परत लॉगिन करू का?

केबलकाका
काही ठिकाणी त्याने मुदत नव्याने सुरू होते, काही ठिकाणी दिवसाचीच ३० मिनिटं असतात, बघा करून. त्यापेक्षा फाइलचे तुकडे करा. 7-Zip मध्ये Add to archive, खाली Split to volumes मध्ये `200M` लिहा. २०० एमबीला १४ मिनिटं लागतात, लॉगिन होताच लावले तर एका लॉगिनमध्ये दोन कसेबसे बसतात, आणि तुटलं तरी एकच तुकडा परत चढवायचा. प्रिंटरवाल्याला सांगा की सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवून .001 वाला उघड.

बर्डीकर_बंटी
आणि रविवारचं ०.४? ते तर मीच म्हणलो होतो.

केबलकाका
असू शकते. वायफाय म्हणजे ग्रामसभेतला एकच माईक आहे, एका वेळी एकच बोलणार. दाराजवळ बाहेर बसलेल्याचा फोन सिग्नल कमी म्हणून हळू बोलते, तेवढा वेळ जवळचे पण थांबतात. किंवा हवा मोकळी आहे आणि पुढची लाइनच भरली. ताई, रविवारी `ipconfig` मध्ये Default Gateway बघा आणि त्याला पिंग करा, समजा

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

पहिलंच १००-२०० च्या वर नाचत असेल तर बंटी जिंकला. पहिलं ५ च्या आसपास आणि दुसरं ३०० असेल तर लाइन भरली.

फोल्डरवाली (रविवारी रात्री)
चार तुकडे गेले, दोन लॉगिनमध्ये! प्रिंटरवाल्याला तीनदा समजवावं लागलं पण उघडलं. परत लॉगिन लगेच चाललं, दिवसाची मर्यादा नाही वाटते.

पिंगचं मात्र पहिल्याला चारही वेळा Request timed out, दुसऱ्याला ३१०, २८५, ३४०, २९७.

केबलकाका
पहिल्याने पिंगला उत्तर देणंच बंद केलेलं दिसते, पाहुण्यांच्या नेटवर्कवर करतात तसं. मग ते ३०० हवेत गेले की लाइनमध्ये, हे यावरून सांगता येत नाही. बंटी, तुझा अर्धा मार्क शिल्लक.

फोल्डरवाली
काउंटरवरच्या दादाला विचारलं मी. तो म्हणे आमचं वायफाय एकदम फुल आहे ताई, दांड्या बघा ना.