मदत हवी आहे: लिंक पेजवरचं तिसरं बटण अडतंय

नमस्कार मंडळी. मी नाशिकला कॉलेज रोडजवळ आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते. इन्स्टाग्रामच्या बायोसाठी साधं एकपानी लिंक पेज केलंय. त्यावर तीनच बटणं आहेत: क्लास, माझी सरावपुस्तकं आणि पालकांसाठी सल्ला. पहिली दोन नीट चालतात. तिसरं गूगल फॉर्मवर जातं आणि तिथे आधी लॉगिन मागतं. काल एका आजोबांचा फोन, "मॅडम, पासवर्ड कुठला टाकू?"

कारण सापडलं. फॉर्ममध्ये गुणपत्रिकेचा फोटो मागितलाय, आणि फाइल अपलोडचा प्रश्न असला की गूगल लॉगिन मागतंच. म्हणून बटण थेट व्हॉट्सॲपला जोडायचा विचार आहे:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=सल्ला%20हवा
```

91च्या आधी अधिक चिन्ह किंवा शून्य नको, हे एक संध्याकाळ वाया घालवून कळलं! पण मग मुलाची इयत्ता, अडचण, सोयीची वेळ, सगळं चॅटमध्येच विचारत बसावं लागेल. त्यापेक्षा फॉर्ममधून फक्त फोटोचा प्रश्न काढला आणि फॉर्म भरल्यावर दिसणाऱ्या संदेशात ही लिंक दिली, तर पालक गुणपत्रिका खरंच पाठवतात का? कुणी करून पाहिलंय?