अनुभव धागा: लहान दुकानाची पाटी आणि भिंती – कुठला रंग दिसला, कुठला टिकला?

सुमती_पार्ले: विलेपार्ले पूर्वेला माझ्या बहिणीचं कोकम, मसाले, पापडांचं दुकान आहे. गाळा नऊ फुटी, वर झाडाची सावली, गिऱ्हाईक बहुतेक संध्याकाळी स्टेशनवरून घरी जाणारं. जुनी पाटी तपकिरीवर मरून अक्षरांची. पलीकडच्या फुटपाथवरून इथे दुकान आहे हेच कळत नाही. आता तिला गडद हिरव्यावर लाल अक्षरं हवीत, आगळासारखा लाल! आतल्या भिंतीही हिरव्याच. ज्यांनी पाटी केलीय किंवा करून घेतलीय त्यांनी लिहा. वास्तू नको, प्लीज.

कुंचला: गिरगाव-लालबागच्या पाट्या रंगवण्यातच आयुष्य गेलं, म्हणून हक्काने सांगतो. हिरव्यावर लाल नको. दुपारी हे दोन रंग वेगळे दिसतात, पण गडदपणा जवळजवळ सारखा, त्यामुळे दिवस कलला की अक्षरं जमिनीत बुडतात. काही पुरुषांना तर लाल-हिरव्यातला फरक जन्मापासूनच नीट कळत नाही. तुमच्या जुन्या पाटीचंही दुखणं हेच, गडदावर गडद. नमुन्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. अक्षरं विरली तर तो जोड बाद.

हिरवी जमीन राहू द्या, अक्षरं मलई रंगाची घ्या. उंचीचा आमचा हिशेब दर दहा फुटांना एक इंच. रस्त्यापलीकडून चाळीस फूट भरत असतील तर चार इंच हवेत, आणि ते शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. वेलांटी, मात्रा, उकार धरून चार इंच मोजले की मूळ अक्षर अडीच इंचाचंच उरतं. पेंटर इथेच फसवतात.

खादाड_खार: एवढा विचार कशाला? खाण्याच्या दुकानाला लाल-पिवळा. बघितलं की भूक लागते, म्हणून तर सगळे वापरतात.

कुंचला: भुकेचं मला ठाऊक नाही. लाल-पिवळा लांबून वाचता येतो तो पिवळा उजळ आणि लाल गडद म्हणून. पण तुमच्या रांगेतल्या दहा पाट्या लाल-पिवळ्या असल्या तर अकरावी कोण बघतो? आणि पश्चिमेचं ऊन खाणाऱ्या फ्लेक्सवर लाल लवकर उडतो. फिकट पाटी बघून माणसाला वाटतं, आतला मालही पडून असेल.

बोरिवलीकर: आमच्या हॉलला मागच्या दिवाळीत फिकट जांभळा दिला. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीतून ओल आली आणि पोपडे निघाले. आधी ओल बंद करा, मग रंगाचं बघा.

सुमती_पार्ले: काका, दुकानाचं विचारलंय. पण मागच्या भिंतीला ओल आहे खरी, बघते.

मॅचिंगवाली_दादर: भिंतींचं माझ्याकडून ऐका. गाळा माझ्याकडे आला तेव्हा भिंती पोपटी होत्या. गिऱ्हाईक ब्लाउजपीस घेऊन दारात उजेडाला जायचं, कारण भिंतीचा हिरवा कापडावर उतरायचा. एकदा गिऱ्हाईक दाराकडे चाललं की समजा, त्याचा दुकानातल्या रंगावर विश्वास नाही. तुमच्या मिरची पुडीचं तेच होईल: हिरव्या भिंतीत ती मातकट दिसेल आणि लोक विचारतील, "मागच्या वर्षीची का?" वरच्या भिंती मोतिया पांढऱ्या ठेवा. हिरवा हवाच तर कंबरेखाली, तोही ऑइल पेंट, म्हणजे पावसात उडालेला चिखल आणि हातांचे डाग पुसता येतात. दिवा घेताना खोक्यावर 4000 केल्विन बघा आणि सीआरआय, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात तो आकडा, 90 च्या आसपास. साध्या दिव्यात हळद-मिरची मेल्यासारखी दिसते.

सुमती_पार्ले: काल तीन कार्डशीटवर एकच शब्द लिहून शटरला चिकटवले आणि दिवे लागल्यावर पलीकडून पाहिले. हिरव्यावर लाल काळ्या-पांढऱ्या फोटोत पार नाहीसा. मलईवर लाल स्वच्छ वाचता आला, पण रिक्षांच्या धुरात ती जमीन किती दिवस मलई राहील? हिरव्यावर मलई सगळ्यात लांबून वाचता आलं. बहीण लाल सोडायला तयार नाही, तेव्हा बाजूला कोकमाचं फळ लाल काढायचं ठरलंय, भोवती मलई रेघ. इंग्रजी नाव खाली लहान घेतोय. देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत.

कुंचला: फळाला रेघ जाड द्या, नाहीतर तेही बुडेल.

ग्लोसाइन_कुर्ला: मी धंद्यातलाच. मागून उजेड द्यायचा तर पांढरी जमीन घ्या, अख्खी पाटी पेटते आणि लांबून कळते.

कुंचला: पेटते, पण भगभगीत उजेडात बारीक अक्षरं खाल्ली जातात. जमीन गडद, उजेड फक्त अक्षरांतून.

ग्लोसाइन_कुर्ला: मग झाडाखाली ती पाटी कोणाला दिसणार? आमची गिऱ्हाइकं पांढरीच मागतात.

सुमती_पार्ले: तुम्हा दोघांचं जमेपर्यंत आम्ही वरून दिवा सोडतो. आणि शटर? सकाळी स्टेशनला जाणाऱ्यांना तेच दिसतं. तिथे कोणी रंग दिलाय का?