मदत हवी आहे: महामार्गात गेलेल्या प्लॉटच्या मोबदल्यावर टीडीएस कापलाय

वडिलांचा बिनशेती प्लॉट राष्ट्रीय महामार्गात गेला. 2024-25 मध्ये निवाड्याचे 18 लाख जमा झाले, पण हातात आले 16 लाख 20 हजार. कलम 194LA खाली 10 टक्के टीडीएस कापलाय, 26AS मध्येही तसंच दिसतंय. आमचे कर सल्लागार म्हणतात, जमीन शेतीची नाही, तेव्हा भांडवली नफा दाखवून कर भरा.

मी वाचलं ते वेगळंच. 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 96 निवाड्याच्या रकमेवरचा आयकर माफ करतं, आणि सीबीडीटीच्या 2016 च्या परिपत्रक 36 मध्ये शेती-बिनशेती असा भेद ठेवलेला नाही. संपादन मात्र महामार्ग कायद्याखाली झालंय, घोडं इथंच अडलंय. कापणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी तर "रिटर्न भरा, परत मिळतील" एवढं सांगून फाईल मिटली.

महामार्गाच्या निवाड्यावर कलम 96 लावून कुणाला परतावा मिळालाय का? रक्कम Schedule EI मध्येच दाखवली होती का?

शिवाय लवादाने वाढवून दिलेल्या रकमेवर 90 हजार व्याज आलंय. ते माफीत न धरता निम्मी वजावट घेऊन 45 हजारांवर कर भरायचा, असं मी धरलंय. बरोबर ना?